४० पिनची केबल बसली पण चित्र आलं नाही: एका लॅपटॉपच्या डिस्प्ले केबलचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी तालुक्याच्या गावात लॅपटॉप रिपेअरिंग करतो. गिऱ्हाईक बहुतेक शाळा-कॉलेजची पोरं, एखादं पतपेढीचं ऑफिस, आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारी माणसं. हे प्रकरण अशाच एका फॉर्म भरून देणाऱ्या ताईंचं आहे. नाव, गाव आणि लॅपटॉपची कंपनी मुद्दाम सांगत नाही, कारण जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या त्या काळातल्या मशीनवर होऊ शकतं.

लॅपटॉप १५.६ इंची, चौथ्या पिढीचा आय-थ्री, २०१४ च्या आसपास घेतलेला. उजव्या बाजूचं बिजागर म्हणजे हिंज बरेच दिवस जड झालेलं होतं. झाकण वर-खाली केलं की स्क्रीनवर आडव्या रेघा यायच्या, मग एका ठराविक कोनातच चित्र दिसायला लागलं, ताई त्या कोनात मागं डबा ठेवून काम करायच्या. शेवटी एक दिवस पूर्ण काळा झाला. बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयनं लावला तर सगळं नीट चालत होतं. म्हणजे मशीन ठीक, ग्राफिक्स ठीक, झाकण हलवलं की फरक पडतो, ही लक्षणं सरळ सरळ डिस्प्ले केबलची, कारण ती केबल हिंजमधूनच वर जाते आणि रोज वाकते.

अडचण काय होती

ताई माझ्याकडं पहिल्यांदा आल्याच नव्हत्या. त्या जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानात गेल्या होत्या. तिथल्या माणसानं लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर बघून केबल मागवली, ती आली ४० पिनची. जुना पॅनल ३० पिनचा, त्यात ती बसेना. मग त्यानं ताईंना सांगितलं की पॅनलपण गेलाय, आणि ४० पिनचा पॅनल टाकला. आता केबल पॅनलमध्ये बसली, मदरबोर्डमध्येपण बसली, पण स्क्रीन काळीच. मग त्यानं सांगितलं बोर्ड गेला.

ताई सगळं घेऊन माझ्याकडं आल्या. पिशवीत जुना पॅनल होता, तो त्यांनी मागून घेतला होता हे फार बरं झालं, पण जुनी केबल नव्हती. फाटकी केबल म्हणून त्या दुकानात कचऱ्यात गेली होती. आणि केबलच्या प्रकरणात जुनी केबल म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा कागद असतो. तिच्यावरच्या छोट्या चिकटपट्टीवर पार्ट नंबर असतो, DC02 नं सुरू होणारा किंवा DD0 नं सुरू होणारा किंवा असाच काहीतरी, तो नंबर शोधला की बरोब्बर तीच केबल मिळते, डोकं लावायची गरजच नसते. तो नंबर आता आमच्याकडं नव्हता.

“दादा, बोर्ड गेलाय म्हणाले ते, खरंय का? स्कॉलरशिपचे फॉर्म सुरू झालेत, मला थांबता येत नाही,” ताई म्हणाल्या. मी एचडीएमआय लावून दाखवलं, चित्र आलं. म्हटलं ताई, बोर्ड गेलाय असं इथं तरी दिसत नाही, मला उघडून बघू द्या.

उघडून काय दिसलं

आधी बसवलेल्या पॅनलच्या मागचं लेबल वाचलं: LP156WH3-TLS1. मग पिशवीतला जुना पॅनल काढला: LP156WH3-TPS1. दोन्ही १५.६ इंची, दोन्ही १३६६ गुणिले ७६८, दोन्ही स्लिम, वर-खाली स्क्रूच्या पट्ट्या सारख्याच ठिकाणी. नंबरात फरक एका अक्षराचा, L आणि P. आणि सगळं प्रकरण त्या एका अक्षरात आहे.

एलजीच्या पॅनलमध्ये तिथं L असला की पॅनल एलव्हीडीएसचा, P असला की ईडीपीचा. इनोलक्सच्या पॅनलमध्ये डॅशनंतर बघायचं, N156BGE-L41 हा एलव्हीडीएस आणि N156BGE-E41 हा ईडीपी. सगळ्याच कंपन्यांच्या नंबरातून असं कळत नाही, एयूओच्या पॅनलला पूर्ण नंबर टाकून डेटाशीट बघावी लागते.

आता एलव्हीडीएस आणि ईडीपी म्हणजे नक्की काय वेगळं, ते थोडक्यात सांगतो, कारण हे नाही कळलं तर पुढचं कळणार नाही. एलव्हीडीएस ही जुनी पद्धत, तिच्यात घड्याळाची म्हणजे क्लॉकची वेगळी जोडी असते आणि रंगांचा डेटा तीन जोड्यांवरून जातो, असा एक चॅनल. मोठ्या रिझोल्यूशनला दोन चॅनल लागतात. ईडीपी ही डिस्प्लेपोर्टची लॅपटॉपच्या आतली आवृत्ती, तिच्यात वेगळं क्लॉक नसतं, डेटा पाकिटांसारखा लेनवरून म्हणजे तारांच्या एकेका जोडीवरून जातो, आणि ऑक्स नावाच्या वेगळ्या जोडीवरून बोर्ड आणि पॅनल आधी एकमेकांशी बोलून घेतात. दोन्ही भाषाच वेगळ्या. मधे केबल कितीही चांगली टाका, ती फक्त तार आहे, ती भाषांतर करत नाही.

ईडीपीचं पहिलं स्टँडर्ड २००८ च्या डिसेंबरचं, आणि २०१० मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी जाहीर केलं होतं की २०१३ पासून एलव्हीडीएस बंद करत जाणार. त्यामुळं २०१३-१४ ची मशीनं मधल्या काळातली आहेत. या चौथ्या पिढीच्या इंटेलमधून एलव्हीडीएस निघतच नाही, निघतं ते ईडीपी. पण कंपन्यांकडं एलव्हीडीएसचे पॅनल स्वस्तात पडून होते, म्हणून काही मशीनवर त्यांनी ईडीपीचं एलव्हीडीएस करणारी एक छोटी चिप टाकली, RTD2132 ही त्यातली नेहमी दिसणारी. त्यामुळं खालच्या स्टिकरवर एकच मॉडेल, आणि आत दोन प्रकारचे बोर्ड. मॉडेल नंबर टाकून केबल मागवणारा माणूस इथं फसतो, आणि त्यात त्याची बेफिकिरी नसते, विकणाऱ्यांच्या यादीतपण त्या मॉडेलखाली दोन्ही केबली लावलेल्या असतात.

निर्णयाची पहिली जागा: बोर्ड कोणता आहे

मला दोन गोष्टी नक्की करायच्या होत्या. एक, हा बोर्ड काय बाहेर काढतो. दोन, जुना पॅनल जिवंत आहे का.

बोर्ड काढून डिस्प्ले कनेक्टरच्या आजूबाजूला भिंगाखाली बघितलं. कनेक्टरपासून दोन-अडीच सेंटीमीटरवर एका चौकोनी चिपची जागा छापलेली होती, चारी बाजूला छोटे छोटे चकचकीत पॅड, आणि चिप नाही. जागा फॅक्टरीतूनच रिकामी सोडलेली, कुणी काढल्याच्या खुणा नव्हत्या, फ्लक्सचा डाग नाही, पॅड सपाट. म्हणजे भाषांतर करणारी चिप या बोर्डवर नाहीच, हा बोर्ड सरळ ईडीपी देतो. त्या दुकानात टाकलेला एलव्हीडीएस पॅनल या बोर्डवर कुठल्याही केबलनं चालणार नव्हता. पिना जुळल्या म्हणून चालेल असं त्या माणसानं धरलं होतं.

मग जुना TPS1 पॅनल माझ्याकडच्या दुसऱ्या एका ३० पिन ईडीपीच्या लॅपटॉपला तात्पुरता लावला. लख्ख चित्र. ताईंना मी ते चालू पॅनल दाखवलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या त्याच्याकडं बघत राहिल्या, कारण नव्या पॅनलचे साडेतीन हजार त्यांनी आधीच दिलेले होते.

पर्याय

पहिला पर्याय, एलव्हीडीएस पॅनल ठेवायचा आणि बोर्डवर ती चिप बसवायची. चिपबरोबर आजूबाजूचे छोटे भागपण टाकावे लागतात, चिपची स्वतःची सेटिंग असते, हा पर्याय मी ताईंसमोर ठेवलापण नाही.

दुसरा, जुना पॅनल परत टाकायचा आणि ३० पिन ईडीपीची बरोबर केबल शोधायची. खर्च फक्त केबलचा.

तिसरा ताईंनीच काढला. “आता उघडलंच आहे तर फुल एचडी स्क्रीन बसवून द्या ना, तोपण ३० पिनचाच मिळतो असं भाचा म्हणतो.” भाच्याचं बरोबर होतं, १५.६ इंची फुल एचडी पॅनल ३० पिन ईडीपीत सर्रास मिळतात आणि कनेक्टरपण तोच. पण इथं पिन मोजून उपयोग नाही, पिनांच्या मागं तारा आहेत का ते बघावं लागतं.

हिशोब असा आहे. त्या काळातली ईडीपीची एक लेन २.७ गिगाबिटची, त्यातला पाचवा भाग कोडिंगमध्ये जातो, हाताला राहतात २.१६. १३६६ गुणिले ७६८ चे ठिपके, सेकंदाला ६० वेळा, ठिपक्याला १८ बिट, हे होतात साधारण १.१३ गिगाबिट, मधल्या रिकाम्या वेळेचे धरले तरी एका लेनमध्ये आरामात बसतं. १९२० गुणिले १०८० ला तोच गुणाकार केला की २.२४ येतात, म्हणजे एका लेनच्या बाहेर गेलं. फुल एचडीला दोन लेन लागतात. आणि साध्या एचडी पॅनलबरोबर येणाऱ्या केबलीत कंपनी बहुतेक वेळा एकाच लेनच्या तारा टाकते, दुसऱ्या लेनच्या पिना रिकाम्या सोडते. ३० पिन ईडीपी पॅनलवर लेन शून्य ६ आणि ७ नंबरच्या पिनवर असते आणि लेन एक ३ आणि ४ वर. केबलच्या टोकाला भिंगातून बघितलं की ३ आणि ४ ला तार आहे का नाही ते दिसतं.

म्हणजे फुल एचडी करायचं तर दोन लेनची केबल हवी, आणि बोर्डच्या कनेक्टरपर्यंतपण दुसरी लेन आलेली हवी. दोन्हीची खात्री नसताना ताईंना आणखी एका पॅनलच्या खर्चात पाडायचं मला पटेना. म्हटलं ताई, तुमचा पॅनल चांगला आहे, फॉर्मचे दिवस आहेत, आधी मशीन चालू करू. दुसरा पर्याय ठरला.

केबल कशी निवडली

नंबर नाही, म्हणून दोन्ही टोकं मोजून विकणाऱ्याला पाठवायची ठरवली.

पॅनलच्या टोकाला व्हर्निअर लावला. पहिल्या पिनपासून शेवटच्या पिनपर्यंत १४.५ मिमी. दोन पिनांमधलं अंतर ०.५ मिमी असेल तर ३० पिनांमध्ये २९ अंतरं, २९ गुणिले ०.५ म्हणजे १४.५, जुळलं. ४० पिनचा हाच कनेक्टर १९.५ मिमी भरतो, तो एलव्हीडीएसमध्ये असतो तसा टच स्क्रीनच्या आणि जास्त रिफ्रेशच्या ईडीपी पॅनलमध्येपण असतो. म्हणून ४० पिन म्हणजे एलव्हीडीएस असं डोक्यात पक्कं करून घेऊ नका, ४० पिनची एलव्हीडीएस केबल ४० पिनच्या ईडीपी पॅनलमध्ये अंगानं बसू शकते आणि व्होल्टेज भलत्याच पिनवर जाऊ शकतं. शिवाय काही नव्या पॅनलना ०.४ मिमी अंतराचे ४० पिन असतात, त्यांची लांबी १५.६ मिमी होते, नुसत्या नजरेला तो ३० पिनचाच वाटतो. तिथं पिना एकेक मोजाव्या लागतात, मी मोबाइलनं फोटो काढून मोठा करून मोजतो.

बोर्डच्या टोकाचा कनेक्टर प्रत्येक कंपनीचा, प्रत्येक सिरीजचा वेगळा, त्याला काही नियम नाही. म्हणून पॅनलकडचं टोक जुळलं की काम झालं असं नसतं. त्या दुकानातली चुकीची एलव्हीडीएस केबल इथं उपयोगाला आली, तिचं बोर्डकडचं टोक या बोर्डात बसत होतं, म्हणून त्या टोकाचा फोटो, पिनांची संख्या आणि कॅमेऱ्याच्या फाट्याची लांबी मी तिच्यावरूनच घेतली. वेबकॅम आणि माइकच्या तारा याच केबलीतून जातात हे विसरलं की केबल येते आणि कॅमेरा लटकत राहतो.

विकणाऱ्याला फोन केला. त्याच्याकडं त्या मॉडेलला तीन केबली होत्या: ४० पिन एलव्हीडीएस, ३० पिन ईडीपी, आणि टचवाली ४० पिन ईडीपी. मधली मागवली, दोन्ही टोकांचा फोटो आधी पाठव म्हटलं, फोटो जुळल्यावरच पैसे टाकले. साडेसहाशे रुपये, तिसऱ्या दिवशी आली.

केबल आल्यावर

लावायच्या आधी मीटरनं तपासली. पॅनलच्या टोकाला १२ आणि १३ पॅनलचा ३.३ व्होल्ट, १५ आणि १६ ग्राउंड, १८ ते २१ बॅकलाइटचं ग्राउंड, २६ ते २९ बॅकलाइटचं पॉवर. पॉवर आणि ग्राउंडमध्ये कुठं शॉर्ट नाही ना, एवढंच बघायचं, दोन मिनिटांचं काम. मग चार्जर काढला, बॅटरी काढली, पॉवरचं बटन पंधरा सेकंद दाबून धरलं, आणि केबल लावली. हा कनेक्टर वरून दाबायचा नसतो, पॅनलच्या पाठीला समांतर सरळ सरकवायचा असतो, मग तारेची कडी खाली पाडायची आणि वर पट्टी लावायची.

चालू केलं. स्क्रीन काळी.

ताई समोरच बसल्या होत्या. मी टॉर्च घेऊन स्क्रीनवर तिरका मारला, आणि आत पुसट लॉगिनचं चित्र दिसलं. म्हणजे ईडीपी बोलत होतं, केबल बरोबर होती, चित्र येत होतं, फक्त मागचा दिवा लागत नव्हता.

बोर्डच्या कनेक्टरजवळ बॅकलाइटच्या लाइनवर एक छोटा फ्यूज असतो. मीटरचा एक टोक ग्राउंडला, दुसरा फ्यूजच्या एका बाजूला लावला, १९ व्होल्ट. दुसऱ्या बाजूला शून्य. फ्यूज उडालेला.

का उडाला ते शोधायला चुकीची केबल परत भिंगाखाली घेतली. ४० पिन एलव्हीडीएसमध्ये बॅकलाइटचं पॉवर ३८, ३९, ४० म्हणजे अगदी कडेच्या पिनांवर येतं, आणि त्या कडेला कनेक्टरच्या पत्र्यावर तपकिरी डाग होता. ताईंना विचारलं, तिथं लावताना बॅटरी काढली होती का. म्हणाल्या, “नाही, मशीन चालूच होतं, ते काढून परत परत लावून बघत होते.” कनेक्टर किंचित तिरका गेला की कडेची पिन ग्राउंडच्या पत्र्याला टेकते, आणि १९ व्होल्ट सरळ ग्राउंडला. तिथं फ्यूजनं बोर्ड वाचवला.

फ्यूजच्या जागी तार टाकून काम लगेच चालू झालं असतं. पण मग पुढच्या वेळी केबल हिंजमध्ये फाटून शॉर्ट झाली तर जळायला फ्यूज नसेल, बोर्डची पट्टी जळेल. माझ्याकडं त्याच घराण्यातला एक मेलेला बोर्ड होता, त्याच्यावरचा त्याच जागेचा फ्यूज दुसऱ्या दिवशी सकाळी काढून लावला.

निकाल

स्क्रीन लागली, कॅमेरा लागला. पण मूळ कारण हिंज होतं. ते तसंच ठेवलं असतं तर नवी केबलपण वर्षात फाटली असती. हिंजचा नट थोडा सैल केला, ग्रीस लावलं, आणि केबल प्लास्टिकच्या खोबणीतून जुन्या वळणानंच नेली, हिंजपाशी थोडी ढील ठेवून. झाकण वीस-पंचवीस वेळा सावकाश उघडझाप करून बघितलं, रेघ आली नाही. एलव्हीडीएस पॅनल आणि केबल ताईंनी त्या दुकानात परत नेली. पॅनलचे पैसे परत मिळाले, केबलचे मिळाले नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

त्या दुकानात पहिल्यांदा पॅनलचं लेबल वाचलं असतं तर बाकी काहीच झालं नसतं. ४० पिनची केबल ३० पिनच्या पॅनलला बसली नाही, तो क्षण थांबायचा होता. पॅनल बदलून पिना जुळवण्याऐवजी चुकीची केबल आली आहे असं म्हणायला हवं होतं. आणि जुनी केबल टाकायची नव्हती.

माझी चूकपण सांगतो. केबल यायला तीन दिवस होते, त्या तीन दिवसांत बोर्ड माझ्यासमोर उघडा होता, आणि मी फ्यूजला मीटर लावला नाही. दुसऱ्याच्या हातून चुकीची केबल लागलेला बोर्ड माझ्याकडं आला आहे हे मला माहीत होतं, तेव्हाच डिस्प्ले कनेक्टरजवळचे फ्यूज तपासायला हवे होते, ताईंचा एक दिवस वाचला असता. त्यानंतर मी असं मशीन आलं की केबल मागवायच्या आधी मीटर लावतो.

फुल एचडीचं काय ते ताईंनी फॉर्मचे दिवस संपल्यावर परत विचारलं. तेव्हा नव्या केबलीच्या टोकाला ३ आणि ४ नंबरच्या पिना बघितल्या, तारा नव्हत्या, केबल एका लेनची निघाली. दोन लेनची केबल त्या बोर्डाला मिळाली तर करू म्हणून ते काम अजून थांबलेलं आहे.